मस्कतच्या साहेबांना ‘कळावे’ कसं कळवलं

माझ्या मोठ्या जाऊबाई सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत अकरा वर्षं सहशिक्षिका होत्या. गेल्या वर्षी मोठ्या दिरांची बदली मस्कतला झाली आणि वहिनींना इथल्या एका खाजगी शाळेत नोकरी मिळायची चिन्हं दिसू लागली. पदवीच्या कागदांचं साक्षांकन आधीच झालेलं होतं. शाळेने आणखी एकच कागद मागितला: जुन्या शाळेचं अनुभवाचं पत्र, शिक्षण खात्यातल्या महासंचालकांच्या नावे, अरबी भाषांतरासह. मी इथे रुवीतल्या एका कंपनीत कागदपत्रं सांभाळते आणि मला कामापुरती अरबी येते, म्हणून हे काम आपसूक माझ्या पदरात पडलं. आठवड्याभरात होईल असं मी सांगितलं होतं. पंचवीस दिवस लागले.

रविवारी, ३ ऑगस्ट २०२५ ला, व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचा फोटो आला. शाळेचं लेटरहेड, वर मधोमध ‘॥ श्री ॥’, डावीकडे संस्थेचं बोधचिन्ह, त्याखाली स्थापनेचं वर्ष आणि नोंदणी क्रमांक. मजकूर मराठीत: ‘प्रति, मा. महासंचालक साहेब’, मग विषय, मग ‘महोदय, सविनय नमस्कार. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की…’. शेवटी ‘तरी याची योग्य ती नोंद घ्यावी, ही नम्र विनंती. कळावे. आपला विश्वासू’. खाली सही आणि त्यावर जांभळा गोल शिक्का. फोटो ट्यूबलाइटखाली तिरका काढलेला, कागदाची घडी बरोबर जावक क्रमांकावरून गेलेली.

सोमवारी तो फोटो घेऊन भाषांतर कार्यालयात गेले. इथे सरकारी कामाला परवानाधारक भाषांतरकाराचा शिक्का लागतो. काउंटरवरच्या मुलाने फोटो पाहिला आणि मान हलवली. त्यांचा परवाना इंग्रजी–अरबीचा. मराठीवर ते शिक्का मारू शकत नाहीत. आधी भारतातून इंग्रजी भाषांतर, त्यावर नोटरी, मग त्यावरून अरबी. मराठी कागद असलेल्यांनी हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावं, माझा एक दिवस आणि पार्किंगचे पैसे वाचले असते.

मुख्याध्यापक सरांना फोन केला. पत्र खिडकीजवळ, दिवसाउजेडी, टेबलावर सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा फोटो परत काढा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत, असं सांगितलं. सर भले माणूस. दुसऱ्या दिवशी तसा फोटो आला आणि जावक क्रमांक स्पष्ट दिसला: १०४. इंग्रजी भाषांतर सांगलीतच करून घेतलं, नोटरीसकट आठशे रुपये. ते १२ तारखेला हातात आलं. १३ ला, बुधवारी, दोन्ही फोटो आणि इंग्रजी कार्यालयात दिलं. एका पानाचे चार रियाल, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण नऊशे रुपये.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, सांगलीत रविवारची, आणि मधे १५ ऑगस्ट आणि दहीहंडी. दोन्हीकडे एकाच वेळी माणूस जागेवर सापडेल असे आठवड्याचे दिवस चारच: सोमवार ते गुरुवार. हे कॅलेंडरवर आधी मांडून ठेवलं असतं तर माझी चिडचिड कमी झाली असती.

रविवारी, १७ ला, अरबी मसुदा आला. (मसुदा हा शब्द अरबीतूनच आलाय आणि तिथे अजून त्याच अर्थाने चालतो. इतकं सरळ पुढे काहीच नव्हतं.) मसुदा वाचला आणि पोटात गोळा आला. माहिती सगळी बरोबर होती. पण पत्र कोण कोणाला लिहितंय, तेच बदलून गेलं होतं.

शेवटापासून सांगते, कारण तिथे मला आधी हसू आलं. आपलं ‘कळावे’. सांगलीतल्या भाषांतरकाराने त्याचं इंग्रजीत प्रामाणिकपणे ‘धिस मे बी नोन’ केलं होतं. अरबी करणाऱ्या मुलाने त्यातला ‘मे’ शक्यतेचा धरला आणि लिहिलं, ‘कद यकूनु हाज़ा मअरूफन’. म्हणजे ‘कदाचित हे माहीत असेल’. महासंचालकांना पत्र पाठवून शेवटी म्हणायचं, कदाचित आपल्याला हे माहीत असेल!

‘नम्र विनंती’चं झालं होतं ‘तलब मुतवादिअ’. ‘तलब’ म्हणजे मागणी किंवा अर्ज, आणि ‘मुतवादिअ’ म्हणजे नम्र, साधासुधा, जेमतेम. अरबी वाचणाऱ्याला ते ‘आमची एक किरकोळशी मागणी आहे’ असं लागतं. आणि सगळ्यात शेवटी ‘मअ तहिय्याती’, ‘माझ्या शुभेच्छांसह’, जे मी रोज ऑफिसात शेजारच्या विभागाला ईमेल करताना लिहिते. म्हणजे विनंतीत खाली वाकलेलं आणि निरोप घेताना खांद्यावर हात टाकलेलं पत्र.

फोनवर न भांडता सोमवारी स्वतः गेले. त्या कार्यालयात एक वयस्क सुदानी भाषांतरकार बसतात, शेवटी सही-शिक्का त्यांचाच. त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात, मीही म्हटलं. मी मराठी फोटो समोर ठेवला आणि एकेक ओळ अर्थाने नाही, कामाने सांगितली: ही ओळ आमच्याकडे का लिहितात, ती नसली तर वाचणाऱ्याला काय वाटेल. उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “उख्ती, हे आधी का नाही सांगितलं? मी इंग्रजी वाचत होतो. इंग्रजीत तुमचे सर दिसतच नाहीत.”

मग आम्ही पत्राचे दोन भाग केले. ज्यात माहिती आहे ते शब्दाला शब्द: नाव, पद, तारखा, क्रमांक, शिक्का, सोबतची यादी. ज्यात फक्त रीत आहे तिथे त्यांच्या रीतीतलं, त्याच पायरीचं वाक्य. हे त्यांनीच मला आखून दिलं. अडचण अशी की काही जागी माहिती आणि रीत एकमेकांत मिसळलेली असतात, आणि आमचा सगळा वेळ तिथेच गेला.

पहिली जागा, ‘प्रति, मा. महासंचालक साहेब’. मसुद्यात होतं ‘अस्सय्यिद’. पुस्तकी अरबीत श्रीयुतसाठी हाच शब्द शिकवतात, इजिप्तपासून जॉर्डनपर्यंत चालतो. ओमानमध्ये मात्र ‘सय्यिद’ ही राजघराण्यातल्या पुरुषांची उपाधी आहे, त्यामुळे इथल्या सरकारी पत्रात ती इतर कोणाला लावत नाहीत. मला तेवढं माहीत होतं, म्हणून मी हुशारीने घरून ‘सआदा’ लिहून नेलं होतं. उस्तादांनी तेही खोडलं. मंत्र्यांना ‘मआली’, त्यांच्या खालच्या सचिवांना आणि राजदूतांना ‘सआदा’. महासंचालक त्या पायरीच्या खाली. त्यांना ‘सआदा’ म्हटलं की एकतर लिहिणाऱ्याला पायऱ्या माहीत नाहीत असं दिसतं, नाहीतर तो लोणी लावतोय असं. (त्या खालच्या सचिवाला इथे मंत्रालयाचा ‘वकील’ म्हणतात. कोर्टातला वकील तो ‘मुहामी’. पहिल्या वर्षी मी या शब्दावर चांगली फसले होते.)

मग महासंचालकांना काय? ‘अल-फादिल’. ओमानी पत्रांत सभ्य, प्रतिष्ठित गृहस्थाला हेच लावतात, बाईला ‘अल-फादिला’, आणि ओळीच्या शेवटी ‘अल-मुहतरम’ म्हणजे माननीय. मी ते लिहून घेतलं आणि हसायला लागले. आपल्या मराठीत हाच शब्द ‘फाजील’ होऊन बसलाय: फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. मूळ अर्थात शिल्लक उरलेलं आणि गुणांनी वरचढ असं दोन्ही आहे. आपण पहिला अर्थ उचलला, ओमान्यांनी दुसरा. उस्तादांना हे समजावून सांगितल्यावर ते दिवसभर मला ‘अल-फादिला’ म्हणत होते.

हाच शब्द वहिनींच्या नावामागेही आला. पत्रात ‘श्रीमती’ होतं, मसुद्यात ‘अस्सय्यिदा’. तेही बदललं. पुढे पत्रात ‘त्या कार्यरत होत्या’, ‘त्यांची वर्तणूक’ असं आदरार्थी अनेकवचन आहे. अरबीत तिसऱ्या व्यक्तीबद्दल लिहिताना ते अनेकवचन करत नाहीत. केलं तर बऱ्याच बायका नोकरीला होत्या असं वाटेल. एकवचनी क्रियापद, आणि दुसऱ्यांदा उल्लेख येतो तिथे ‘अल-मज़कूरा अअलाह’, वर उल्लेखिलेली. आपल्या पोलीस पंचनाम्यातला ‘मजकूर इसम’ आठवला. आदर दाखवायचा तो समोरच्याला उद्देशून बोलताना: एकच महासंचालक असले तरी ‘-का’ न लावता ‘-कुम’. आपलं ‘आपणांस’ तिथे बरोबर बसतं. मसुद्यात दोन ठिकाणी ‘-कुम’ होतं आणि एका ठिकाणी ‘-का’ राहिलं होतं, म्हणजे मधेच ‘तुला’. या एका अक्षरासाठी सगळं पत्र बोट ठेवून परत वाचावं लागलं.

दुसरी जागा, ‘सविनय नमस्कार’. कार्यालयाच्या साच्यात पत्र ‘अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहु’ने सुरू होतं आणि मुलाने तो साचा तसाच ठेवला होता. मी जरा अडखळतच विचारलं. यात वाईट काही नाही, मी स्वतः रोज लोकांना सलाम करते. पण सरांनी ते म्हटलेलं नाही. उस्ताद लगेच म्हणाले, बरोबर, त्यांच्या तोंडी घालू नये. ‘तहिय्या तय्यिबा, व बअद’ लिहिलं. अर्थ ‘सदिच्छापूर्वक नमस्कार, आणि त्यानंतर…’. त्यात कोणाचा धर्म येत नाही, आणि ते ‘व बअद’ म्हणजे आता मुद्द्यावर येतो ही खूण. त्याच न्यायाने लेटरहेडवरच्या ‘॥ श्री ॥’च्या जागी बिस्मिल्लाह टाकायचं नाही आणि ते गाळायचंही नाही. चौकोनी कंसात ‘मूळ भाषेतील धार्मिक मंगलचिन्ह’ अशा अर्थाचे शब्द. बोधचिन्हालाही तसाच कंस, सहीला ‘तौकीअ’, शिक्क्याला ‘गोल शिक्का’. वाचता न येणाऱ्या जागी अंदाज न करता ‘ग़ैर मकरूअ’, अवाचनीय. लेटरहेडवरचा काही भाग भाषांतरातून गायब झाला की काउंटरवरचा माणूस मूळ कागद आणि भाषांतर शेजारी धरतो आणि तिथेच थांबतो.

‘उपरोक्त विषयास अनुसरून’ला काहीच करावं लागलं नाही. ‘इशारतन इलल मौदूअ अअलाह’, जणू दोन्ही कचेऱ्यांनी एकाच कारकुनाकडून शिकून घेतलंय. ‘जावक’लाही ‘सादिर’ तयार होतं.

तिसरी जागा ‘नम्र विनंती’, आणि इथे उस्ताद आणि माझं थोडं वाजलं. त्यांनी पहिल्यांदा ‘नल्तमिसु’ सुचवलं. तो शब्द अर्जदाराचा आहे. कोर्टात, शिक्षा माफ करा म्हणताना, नोकर मालकाकडे रजा मागताना. मला ते टोचलं. सर काही मागत नाहीत, एक संस्था दुसऱ्या कचेरीला आपल्या माजी शिक्षिकेबद्दल माहिती कळवते आहे. ‘नम्र’ ही आमच्या पत्राची इस्त्री आहे, त्यात सर कोणाच्या पाया पडत नाहीत. मग ते दुसऱ्या टोकाला गेले, ‘युर्जा’. ते कर्त्याशिवायचं: ‘करण्यात यावे’. परिपत्रकात, सूचनाफलकावर चालतं. शाळेने खात्याला लिहिलं तर वरून हुकूम सोडल्यासारखं. शेवटी मधलं धरलं, ‘नर्जू अत्तकर्रुम’, ‘कृपा करून… अशी आशा करतो’. त्यात लिहिणारा दिसतो, वाकतो, पण उभा राहतो.

‘कळावे’वर आम्ही चहा मागवला. मी म्हटलं, याला अर्थ नाही, हा फक्त पत्र संपल्याचा आवाज आहे. उस्तादांनी एक शब्द लिहिला, ‘हाज़ा’, आणि पुढे स्वल्पविराम. ‘हे असं.’ अरबी सरकारी पत्रात शेवटच्या ओळीआधी हा शब्द एकटाच येतो आणि तेच सांगतो: सांगायचं ते सांगून झालं. त्यापुढे ‘व तफद्दलू बि-कबूलि फाइकिल इहतिराम वत्तकदीर’, परम आदर आणि सन्मानाचा स्वीकार व्हावा. ‘मअ तहिय्याती’ गेलं. ‘आपला विश्वासू’ला वेगळा शब्द ठेवला नाही, त्यासाठी ‘अल-मुख्लिस’ आहे, पण इथल्या कचेरीच्या पत्रात शेवटच्या ओळीनंतर थेट नाव आणि पद येतं, आणि विश्वासूपणाचं काम त्या ओळीने आधीच केलेलं असतं.

एवढं झाल्यावर मी खुशीत होते. मग उस्तादांनी फोटो मोठा करून शिक्क्याखाली बोट ठेवलं. त्यांना मराठी येत नाही, पण ‘मुख्याध्यापक’ या अक्षरांआधी आणखी काहीतरी आहे, हे त्यांच्या नजरेने टिपलं. जांभळ्या शाईखाली ‘प्र.’ होतं. प्रभारी मुख्याध्यापक! इंग्रजीत नुसतंच ‘हेडमास्टर’ आलं होतं, अरबीत तसंच ‘मुदीर’. सलामांवर दोन तास घालवणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. अरबीत ‘अल-काइम बि-अअमालिल मुदीर’, मुख्याध्यापकांचं काम पाहणारे. पण इंग्रजी दुरुस्त झाल्याशिवाय अरबी दुरुस्त करता येत नाही. सांगलीला फोन, दुरुस्ती आणि परत नोटरी, आणखी दोनशे रुपये. उस्तादांना शिक्का मारण्याआधी मूळ पत्र हातात हवंच होतं, नाहीतर ‘छायाचित्रावरून केलेले भाषांतर’ अशी टीप घालावी लागली असती. म्हणून दोन्ही कागद एकाच कुरिअरने मागवले. चोवीसशे रुपये, सोमवारी २५ तारखेला पोहोचले.

मधल्या आठवड्यात सुधारलेल्या मसुद्याची मी एक परीक्षा घेतली, आणि ती पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. ऑफिसातल्या एका ओमानी मैत्रिणीला दोन्ही मसुदे नावं आणि पदं झाकून दिले. काही न सांगता विचारलं, कोणी कोणाला लिहिलंय, आणि दोघांत मोठं कोण? जुना वाचून ती म्हणाली, कोणीतरी कामगार आपल्या साहेबाकडे काहीतरी मागतोय आणि शेवटी एकदम त्याचा मित्र झालाय. नवा वाचून म्हणाली, एका संस्थेने खात्याला पाठवलंय, खातं मोठं, पण संस्था जुनी असावी. संस्थेचं स्थापनेचं वर्ष मी झाकलेलं होतं.

२६ ला मूळ कागद दाखवायला गेले तेव्हा टाइप केलेली अंतिम प्रत तयार होती. मी फक्त आकडे तपासले, कारण भाषा आम्ही तपासलीच होती. जावक क्रमांक १०४ ऐवजी ९५४ झाला होता. मुलाने खात्री करायला म्हणून इंग्रजी सोडून मूळ मराठी कागदाकडे पाहिलं होतं. आपला देवनागरी १ त्यांच्या ९ सारखा दिसतो, आणि त्यांचं शून्य नुसता ठिपका असल्यामुळे आपलं गोल शून्य त्यांना पाच वाटतं. त्याची काही चूक नाही. जिथे देवनागरी आकडे असतील तिथे शेजारी पेन्सिलीने इंग्रजी आकडे लिहून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. वहिनींचं नाव त्यांच्या व्हिसावर अरबीत जसं छापलंय तसंच आहे ना, तेही तिथेच बसून अक्षर-अक्षर जुळवलं. अरबीत प आणि च नाहीत, ग लिहिण्याच्या दोन-तीन तऱ्हा, त्यामुळे प्रत्येक जण आपल्या कानाने लिहितो. मग उस्तादांनी सही केली, शिक्का मारला, आणि मूळ पत्र, इंग्रजी आणि अरबी एकत्र टाचून दिलं.

२७ ला घरी गणपती बसले. २८ ला, गुरुवारी, वहिनींसोबत कागद जमा केले. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का पाहिला, जावक क्रमांक दोन्ही कागदांवर बोटाने जुळवला, वरची ओळ वाचली आणि पोच दिली. चार मिनिटं.

संध्याकाळी सरांना अरबी प्रतीचा फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. “ताई, सगळं उलट्या बाजूने आहे, मला काही वाचता येत नाही. पण शेवटी माझं ‘कळावे’ कुठे आहे, तेवढं दाखवा.” मी शेवटच्या ओळीआधीच्या त्या एका शब्दाभोवती लाल गोल काढून फोटो परत पाठवला. सरांचं उत्तर आलं: “इतकंच?”